आयर्नचं औषध दुधात मिसळलं, म्हणून हिमोग्लोबिन हललंच नाही?

«माझी मुलगी वीस महिन्यांची आहे, वजन १० किलो. दीड महिन्यापूर्वी हिमोग्लोबिन ८.८ आलं, म्हणून डॉक्टरांनी आयर्नचं सिरप सुरू केलं, रोज ५ एमएल. कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाचं सिरप आधीपासून आहेच. मी ऐरोलीहून आठ वाजता कामाला निघते, दिवसभर ती सासूबाईंकडे असते. रिकाम्या पोटी औषध बाधतं, उष्ण पडतं, म्हणून त्या दोन्ही सिरपं सकाळच्या दुधाच्या बाटलीत घालून देतात. एकही दिवस चुकलेला नाही, शी काळी होते, म्हणजे औषध लागू पडतंय असं आम्ही समजत होतो. काल रिपोर्ट आला, ९.० फक्त. मध्ये कानाच्या इन्फेक्शनसाठी अँटिबायोटिक होतं, ते मात्र मी ‘रिकाम्या पोटी जास्त लागू पडतं’ म्हणून जेवणाआधी तासभर द्यायचे, तर तिला उलट्या-जुलाब झाले. आमचं नक्की काय चुकतंय? मुलांची औषधं खाण्याआधी द्यायची की नंतर, असा एकच नियम सांगाल का, म्हणजे तो मी फ्रिजवर लिहून ठेवीन.»
– एक आई, ऐरोली

एकच नियम मी देऊ शकत नाही, आणि कुणी दिला तर तो फ्रिजवर चिकटवू नका. तुमच्या घरातली तीन औषधं तीन वेगळ्या स्वभावांची आहेत. एकाला दूध चालत नाही, दुसऱ्याला दूध चालतं, तिसऱ्याला पोटात अन्न असलेलं हवं असतं. तुमच्याकडे आयर्न आणि अँटिबायोटिक यांची नेमकी अदलाबदल झाली. यात सासूबाईंना बोल लावण्यासारखं काहीच नाही, कारण औषधाच्या बाटलीवर केमिस्टने बहुधा नुसतं ‘१-०-०’ लिहिलेलं असतं. किती वेळा द्यायचं ते त्यातून कळतं, खाण्याशी त्याचा संबंध काय ते कळत नाही. मग घरात जे पूर्वापार चालत आलं आहे तेच माणूस करतो.

आधी आयर्नबद्दल सविस्तर बोलू, कारण खरं नुकसान तिथेच झालं आहे.

बाटलीवरचं औषधाचं नाव वाचा. ‘फेरस’ने सुरू होणारं काही असेल, फेरस अ‍ॅस्कॉर्बेट, फेरस सल्फेट, फेरस फ्यूमरेट, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. अशा सिरपातलं लोह जठरातल्या आम्लात नीट विरघळून राहतं आणि लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, ड्युओडेनममध्ये, शरीरात शिरतं. हा भाग लांबीला छोटा आहे. ठाण्याला फास्ट लोकल जेवढा वेळ थांबते, तेवढ्यात उतरायचं, नाहीतर गाडी पुढे गेली, असा हा मामला आहे. त्या वेळी लोह सुटं आणि विरघळलेलं असलं तर ते आत जातं. कशाला तरी चिकटलेलं असलं तर तसंच पुढे वाहत जातं आणि शीतून बाहेर पडतं.

दूध इथे दोन-तीन बाजूंनी आडवं येतं. दुधातली केसीन नावाची प्रथिनं लोहाला धरून ठेवतात. दुधातलं कॅल्शियम लोहाचं शोषण कमी करतं. साधारण कपभर दुधात जेवढं कॅल्शियम असतं, तेवढ्यानंही शोषण निम्म्याच्या आसपास उतरू शकतं. शिवाय दुधामुळे जठरातलं आम्ल काही वेळ सौम्य होतं. तुमच्याकडे त्याच बाटलीत कॅल्शियमचं सिरपही होतं. म्हणजे मुलीला रोज न चुकता औषध मिळत होतं, पण ते आतड्याच्या भिंतीपर्यंत मोकळं पोचतच नव्हतं. आणखी एक गोष्ट पत्रात नाही, पण मी विचारतो: बाटली रोज पूर्ण संपत होती का? तळाशी ३०–४० एमएल दूध उरलं, तर औषधाचा तेवढा हिस्सा बेसिनमध्ये गेला. म्हणूनच कुठलंही औषध, अगदी दुधाबरोबर चालणारंसुद्धा, भरलेल्या बाटलीत घालू नये. चमच्यातून किंवा सिरिंजने आधी द्यावं, मग वर दूध पाजावं.

आता काळ्या शीबद्दल. ही समजूत मला दर आठवड्याला भेटते. शी काळी होते ती शरीराने न घेतलेल्या लोहामुळे. म्हणजे काळी शी एवढंच सांगते की औषध पोटात गेलं. रक्तात गेलं की नाही, ते सांगत नाही. घाबरण्याचं कारण नाही, पण खूश होण्याचंही नाही. औषध लागू पडतंय का, ते फक्त रक्ताची तपासणी सांगते.

सासूबाईंचा मुद्दाही पूर्ण चुकीचा नाही. काही मुलांना रिकाम्या पोटी आयर्न दिलं की मळमळतं, पोटात दुखतं, एखाद्याला बद्धकोष्ठ होतं. ‘उष्ण पडलं’ असं आपण ज्याला म्हणतो, ते बहुतेक वेळा हेच असतं. पण त्यांनी काढलेल्या उपायात पोट वाचलं आणि औषध वाया गेलं. मधला रस्ता आहे.

त्यासाठी ‘रिकाम्या पोटी’ची आपली कल्पना थोडी सैल करावी लागेल. अनशापोटी म्हणजे उठल्या उठल्याच, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. औषधाच्या हिशेबात रिकामं पोट म्हणजे खाण्याच्या साधारण एक तास आधी किंवा खाऊन दोन तास झाल्यावर. अशी मोकळी वेळ दिवसात कुठेही सापडते. तुमच्या घरचा दिवस मी अंदाजाने असा मांडतो: सकाळी सातला दूध, साडेआठला उपमा किंवा पोहे, बाराला वरण-भात. मग आयर्नची वेळ पावणेअकरा. नाश्त्याला दोन तास होऊन गेलेले असतात आणि जेवायला सव्वा तास असतो. ५ एमएल सिरप सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला, जरा मागे सोडायचं. पुढच्या दातांवर सांडलं तर डाग पडतात. ते कायमचे नसतात, पण वर दोन घोट पाणी पाजून ओल्या फडक्याने दात पुसले तर पडतही नाहीत.

त्यानंतर लगेच तीन-चार चमचे मोसंबीचा किंवा संत्र्याचा रस द्या. रस नको असेल तर पिकलेल्या पेरूचा बिया काढलेला गर द्या. क जीवनसत्त्व लोहाला शोषता येईल अशा रूपात ठेवतं आणि विरघळलेलं राखतं. फेरस अ‍ॅस्कॉर्बेटमध्ये ते रसायनातच जोडलेलं असतं, त्यामुळे त्या सिरपबरोबर रस दिलाच पाहिजे असं नाही. पण सिरपची धातूसारखी चव तोंडातून जायला मोसंबी फार कामाची, आणि मूल दुसऱ्या दिवशी तोंड उघडतं ते त्यामुळेच.

एवढं करूनही तिला मळमळलं, तर सिरप अर्ध्या केळ्यानंतर किंवा इडलीच्या तुकड्यानंतर द्या. शोषण थोडं कमी होईल, ते चालेल. उलटून पडलेल्या पूर्ण डोसपेक्षा पोटात टिकलेला जरा कमी शोषला जाणारा डोस बरा. फक्त त्या खाण्यात दूध, दही, पनीर नको आणि चहात बुडवलेलं बिस्किट तर अजिबात नको. चहातली टॅनिनं लोहाला दुधाइतकीच आडवी येतात. (आजीच्या बशीतला घोटभर चहा आपल्याकडे बाळाला मिळतोच, म्हणून आवर्जून लिहिलं.) नाचणीचं सत्त्वही त्या तासाला नको. त्यात कॅल्शियम आहे आणि फायटेटही, जे लोहाला बांधून ठेवतं. एरवी जेवणात नाचणी खुशाल द्या.

डोस दिवसातून एकदाच असला तरी पुरतो. आयर्नचा एक डोस पोटात गेला की शरीर हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि ते पुढचे काही तास लोहाची आत येण्याची वाट अरुंद करतं. त्यामुळे एकच डोस तीन भागांत वाटून फारसं साधत नाही, उलट दूध टाळण्याच्या तीन वेळा सांभाळत बसावं लागतं. प्रमाणाचा हिशेब असा की उपचारासाठी साधारण दर किलोमागे रोज ३ मिलिग्रॅम एलिमेंटल आयर्न, म्हणजे औषधातलं प्रत्यक्ष लोह, लागतं. १० किलोच्या मुलीला ते ३० मिलिग्रॅम झालं. तुमच्या बाटलीवर ‘दर ५ एमएलमध्ये ३० मिलिग्रॅम एलिमेंटल आयर्न’ असं असेल तर ५ एमएल बरोबर आहे. पण सगळ्या बाटल्या सारख्या नसतात. थेंबांच्या छोट्या बाटलीत एकेका एमएलमध्येच तेवढं असू शकतं. म्हणून ब्रँड बदलला तर जुनाच एमएलचा आकडा पुढे चालवू नका, डॉक्टरांकडून नव्याने लिहून घ्या.

आता एक अपवाद, आणि तो महत्त्वाचा. तुमच्या बाटलीवर ‘फेरस’ऐवजी ‘पॉलिमाल्टोज कॉम्प्लेक्स’ असं लिहिलेलं असेल, तर वरचं वेळापत्रक लागू नाही. त्यातलं लोह साखरेच्या मोठ्या रेणूत गुंफलेलं असतं, दुधाचा-जेवणाचा त्याला तेवढा अडथळा होत नाही आणि ते जेवताना किंवा जेवण झाल्या झाल्या देण्यासाठीच बनवलेलं आहे. चवीला बरं, पोटाला सौम्य. तरीही हिमोग्लोबिन इतकं खाली असताना मी स्वतः फेरस प्रकाराकडे झुकतो, कारण नीट वेळेवर दिलं तर माझ्या अनुभवात हिमोग्लोबिन त्याने अधिक खात्रीने चढतं. तुमच्याकडे पॉलिमाल्टोज असेल तर स्वतःहून बदलू नका, डॉक्टरांना विचारा.

कॅल्शियमचं सिरप दुधाच्या बाजूचं आहे, आयर्नच्या नाही. ते रात्रीच्या दुधाच्या वेळी हलवा, म्हणजे दोघांत भरपूर अंतर पडेल. पण त्याआधी एक प्रश्न: ती दिवसाला किती दूध पिते? पत्रात नाही, पण ‘बाटली’ हा शब्द वाचून मला शंका आली. या वयाच्या अनेक मुलांच्या चार-चार बाटल्या होतात, म्हणजे जवळजवळ लिटरभर दूध. तसं असेल तर कॅल्शियमच्या सिरपची गरजच काय, हे डॉक्टरांना विचारा. अर्धा लिटर दुधात सुमारे ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि या वयाला तेवढं पुरतं. डी जीवनसत्त्व मात्र चालू ठेवावं लागेल, कारण दुधातून ते पुरेसं मिळत नाही. ते स्निग्ध पदार्थात विरघळतं, त्यामुळे साय असलेल्या दुधाबरोबर किंवा तूप घातलेल्या वरण-भाताबरोबर उत्तम शोषलं जातं.

आणि जास्तीचं दूध हे कदाचित अ‍ॅनिमियाचं मूळच असेल. गाई-म्हशीच्या दुधात लोह नगण्य असतं. लिटरभर प्यालं तरी अर्धा-एक मिलिग्रॅमच्या वर फारसं मिळत नाही, आणि तिची रोजची गरज सात-आठ मिलिग्रॅमची. दुधाने पोट भरलेलं मूल डाळ, पालेभाजी, अंडं, मासे खात नाही. तेव्हा दिवसाचं दूध ४००–५०० एमएलवर आणा, तेही बाटलीतून नाही, पेल्यातून: सकाळी सातला १५० एमएल, दुपारी झोपून उठल्यावर २००, रात्री १५०. पहिले तीन-चार दिवस रडारड होईल. आजीचा जीव तुटेल. पण भूक लागली की चौथ्या-पाचव्या दिवसापासून जेवणाचे घास वाढतात.

अँटिबायोटिकचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण कानाच्या इन्फेक्शनला आपल्याकडे बहुतेक वेळा अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलनेट एकत्र असलेलं सिरप देतात. ते असेल तर ते जेवणाच्या सुरुवातीला द्यायचं असतं: दोन घास खाल्ले की डोस, मग उरलेलं जेवण. अ‍ॅमॉक्सिसिलिनला अन्न असलं काय, नसलं काय, फारसा फरक पडत नाही. त्यातलं क्लॅव्ह्युलनेट मात्र जेवणाच्या सुरुवातीला दिलं तर चांगलं शोषलं जातं, आणि रिकाम्या पोटी पोट ढवळून काढतं तेही तेच. जेवणाबरोबर दिल्याने जुलाब अजिबात होणार नाहीत असं नाही, पण कमी होतात. ‘अँटिबायोटिक रिकाम्या पोटी जास्त लागू पडतं’ ही समजूत काही औषधांपुरती खरी आहे, उदाहरणार्थ अ‍ॅम्पिसिलिन आणि क्लॉक्सासिलिन. सेफिक्झिम कसंही चालतं. सेफ्युरोक्झिमच्या सिरपला तर पोटात अन्नच हवं, त्याशिवाय ते कमी शोषलं जातं. म्हणजे ‘अँटिबायोटिक’ एवढ्या नावावरून वेळ ठरत नाही. दर वेळी नव्या सिरपचं नाव घेऊन विचारायला हवं.

इतर वाचकांसाठी दूध नेमकं उलटं वागतं अशी दोन टोकं सांगतो. फॅल्सिपॅरम या गंभीर प्रकारच्या मलेरियावर आर्टिमिथर-ल्युमेफँट्रिन देतात. त्यातलं ल्युमेफँट्रिन स्निग्ध पदार्थाशिवाय जेमतेमच शोषलं जातं, म्हणून तापात मूल जेवत नसलं तरी डोसबरोबर थोडं साईचं दूध जायलाच हवं. तिथे ‘दूध नको’ म्हणून बसलात तर मलेरिया पुन्हा उलटू शकतो. दुसरं टोक थायरॉइडच्या गोळीचं. जन्मापासून थायरॉइड कमी असलेल्या बाळाला ही गोळी रोज रिकाम्या पोटी, एकाच ठरलेल्या वेळी द्यायची, आणि आयर्न किंवा कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब ठेवायचं.

तापाच्या औषधांत लोक हमखास गोंधळतात. पॅरासिटामॉल कधीही चालतं. भरल्या पोटी ते जरा उशिरा काम सुरू करतं, इतकंच. रात्री दोनला ताप चढला तर मुलाला उठवून आधी बिस्किट भरवायची काही गरज नाही. आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड मात्र काहीतरी खाऊन किंवा दुधाबरोबर द्यावं, कारण ती जठराच्या आतल्या अस्तराला त्रास देतात. इथे दूध उपयोगीच पडतं.

परत तुमच्याकडे. फ्रिजवर नियम नको, त्या त्या औषधाच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवा आणि मराठीत मोठ्या अक्षरात लिहा. आयर्नवर: ‘पावणेअकरा. दुधात नाही. वर मोसंबी.’ कॅल्शियम-डीवर: ‘रात्रीच्या दुधाच्या वेळी, चमच्याने.’ सासूबाईंना ‘तुमच्यामुळे वाढलं नाही’ असं न म्हणता ‘डॉक्टरांनी वेळ बदलली’ असं सांगा. ते खोटंही नाही. पुढच्या वेळी शक्य झालं तर त्यांनाच दवाखान्यात घेऊन जा. औषध त्या देतात, तर सूचनाही थेट त्यांनाच मिळालेल्या बऱ्या. एखाद्या दिवशी डोस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट द्यायचा नाही.

आणि आयर्नची बाटली उंच कपाटात, कडी लावून. चव गोडसर असते, मुलं हाताला लागली तर पिऊन टाकतात, आणि लोहाचा जास्त डोस लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. असं कधी झालंच, तर उलटी होते का याची वाट न पाहता बाटली बरोबर घेऊन थेट हॉस्पिटल गाठा. सुरुवातीला मूल ठीक दिसतं, त्यावर विसंबू नका.

बदललेल्या वेळेने औषध सुरू केल्यापासून चार आठवड्यांनी सीबीसी करून घ्या. हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅमने वाढायला हवं, म्हणजे १०च्या आसपास. तसं झालं तर दोष वेळेचा होता हे ठरलं. मग नॉर्मल आकडा आला तरी औषध आणखी दोन-तीन महिने चालू राहील, शरीरातला साठा भरण्यासाठी. मध्येच बंद करू नका. वाढलंच नाही, तर मात्र ‘अजून थोडे दिवस बघू’ म्हणू नका. डॉक्टरांना थॅलेसीमिया मायनर या आई-वडिलांकडून येणाऱ्या रक्तदोषाबद्दल विचारा, त्यासाठी हिमोग्लोबिनची एचपीएलसी ही तपासणी असते. रिपोर्टमध्ये एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, बरंच कमी आणि तांबड्या पेशींची संख्या मात्र भरपूर असेल, तर ही शंका जास्त. एक अडचण लक्षात ठेवा: लोहाची कमतरता जोरात असताना ही तपासणी कधी कधी फसवते आणि मायनर असूनही नॉर्मल दाखवते. अशा वेळी तुम्ही दोघं आई-वडील स्वतःची सीबीसी आणि एचपीएलसी करून घ्या, त्यातून उत्तर लवकर मिळतं.